ट्रान्सफर प्राइसिंग: आयकर खात्याच्या अधिकाऱ्याने, म्हणजे टीपीओने, तुलनेच्या सातपैकी दोन कंपन्या उडवल्या, आता फरक ४४ लाखांचा. काय करावं?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. आमची मूळ कंपनी जर्मनीत आहे. इथे ३८ जण फक्त पंपांची आणि व्हॉल्व्हची थ्रीडी मॉडेल्स आणि ड्रॉइंग काढतात, आणि सगळं काम त्यांनाच जातं. दुसरा ग्राहक नाही. करार खर्च अधिक १० टक्के असा आहे.

२०२२-२३ चे आकडे असे: खर्च ६ कोटी, बिल ६ कोटी ६२ लाख ४० हजार. म्हणजे खर्चावर नफा १०.४ टक्के. वरचं ०.४ युरोच्या दरातून आलं.

मूळ कंपनीला बाजारभावानेच बिल केलंय हे आयकर खात्याला दाखवावं लागतं, म्हणून सीएंनी त्या वर्षीच टीएनएमएमने, म्हणजे स्वतंत्र कंपन्यांच्या नफ्याशी तुलना करून, अभ्यास करून ठेवला होता. डेटाबेसमधून आमच्यासारखं डिझाइनचं काम करणाऱ्या सात स्वतंत्र कंपन्या निघाल्या. त्यांचा खर्चावरचा नफा, तीन वर्षांची भारित सरासरी, चढत्या क्रमाने: ४.८, ८.१, ९.६, १३.२, १५.०, १९.४, ३१.७. आम्ही रेंजमध्ये बसतो असं सांगून सीएंचा या व्यवहारांवरचा अहवाल, फॉर्म ३सीईबी, भरला आणि मी निवांत झोपलो.

आता कारणे दाखवा नोटीस आली आहे. ४.८ वाली काढली, कारण ती साइटवर देखरेखीचं कामही करते. ८.१ वाली काढली, कारण तिची निर्यात ७५ टक्क्यांपेक्षा कमी. उरल्या पाच, त्यांची सरासरी १७.७८, आणि तेवढा भाव लावून ४४ लाख २८ हजार उत्पन्नात वाढवायचा प्रस्ताव. उत्तराला सात दिवस. साहेब जर्मनीतल्या लोकांना काय सांगू म्हणून माझ्याकडे बघताहेत.

मला कळत नाही ते हे: दोनच कंपन्या गेल्या, तर आकडा एवढा कसा उडाला?

गणेशपूर_अप्पा
घाबरू नका हो. ३ टक्क्यांची सूट कायद्यातच आहे. तुमचा १०.४, त्यांचा १७.७८, फरक ७.३८. त्यातून ३ वजा करा, उरले ४.३८. म्हणजे २६ लाखांवर आलं. हे लिहून द्या, मान्य होईल. आमच्या काळी ५ टक्के होते तेव्हा आम्ही असंच करायचो.

निपाणीकर_नाना
बरा विषय काढलात. माझी भावाबरोबर निपाणीत भागीदारी आहे आणि कागलला आमचीच प्रायव्हेट लिमिटेड. भागीदारीचे दोन ट्रक कंपनीला भाड्याने चालतात, वर्षाला १४ लाख. मला पण हा फॉर्म ३सीईबी लागतो काय? आमच्या सीएने कधी सांगितलंच नाही. राज्य बदलतंय म्हणून काही वेगळं?

मीरा_टिळकवाडी
नाना, तुमचं आधी मिटवते. राज्याची सीमा म्हणजे देशाची सीमा नव्हे. देशातल्या देशात हा कायदा ठरावीक व्यवहारांनाच लागतो, आणि तेसुद्धा वर्षात २० कोटींच्या वर गेले तर. तुमच्या १४ लाखांना फॉर्म नाही. जीएसटीत मात्र नात्यातल्या व्यवहाराच्या किमतीचा प्रश्न येतो, त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे ट्रक आणि ड्रॉइंग एकत्र येतील.

आता उद्यमबागकर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन कंपन्या गेल्या यात नाही, सहाच्या खाली आलात यात आहे.

कंपन्या सहा किंवा जास्त असल्या की रेंज चालते, ३५ वा ते ६५ वा पर्सेंटाइल. सातचे ३५ टक्के २.४५, म्हणून तिसरी कंपनी, ९.६. सातचे ६५ टक्के ४.५५, म्हणून पाचवी, १५.०. तुमचा १०.४ मध्ये बसतो, विषय संपला. यात ती ३१.७ वाली कुठे आहे? सातव्या जागेवर गप्प बसली आहे. ती ३१.७ असो की ९१.७, रेंज तसूभर हलत नाही.

पाच झाल्या की नियम रेंज सोडतो आणि साधी सरासरी घेतो. सरासरीत प्रत्येक आकडा बोलतो, मोठा सगळ्यात मोठ्याने. तुमच्या पाचांची बेरीज ८८.९, त्यातले ३१.७ एकटीचे. ती नसती तर उरलेल्या चारांची सरासरी १४.३ आली असती. म्हणजे जाताना ज्या दोघी गेल्या त्यांनी नुकसान केलंच, पण खरं नुकसान जी राहिली तिने केलं.

मीरा_टिळकवाडी
आणि अप्पा, माफ करा, पण ते तसं लिहून देऊ नका कुणी. ३ टक्के आहेत हे बरोबर, पण दोन ठिकाणी घसरलात.

एक म्हणजे हे ३ टक्के नफ्याच्या टक्क्यांतून वजा करायचे नाहीत, प्रत्यक्ष घेतलेल्या किमतीवर मोजायचे. किंमत ६ कोटी ६२.४ लाख, तिचे ३ टक्के १९ लाख ८७ हजार. दुसरं म्हणजे ही सूट नाही, उंबरठा आहे. फरक १९.८७ लाखांच्या आत असेल तर शून्य वाढ. एक रुपयाही वर गेला तर सगळाच्या सगळा फरक धरतात, ३ टक्के परत मिळत नाहीत. जुन्या ५ टक्क्यांवर हाच वाद चालायचा, २०१२ च्या फायनान्स अ‍ॅक्टने तो मिटवला. आणि हा उंबरठा सरासरी लागू असते तेव्हाच. रेंजमधून बाहेर पडलात तर ३ टक्के-बिक्के काही नाही, थेट मध्यकावर नेतात.

गणेशपूर_अप्पा
बरं, २०१२ च्या आधीच निवृत्त झालो मी. चालू द्या.

काकती_कास्टिंग
एवढी डोकेफोड कशाला? सेफ हार्बर, म्हणजे सरकारने ठरवलेला नफा दाखवायचा पर्याय घ्यायचा, १७ टक्के दाखवायचे, टीपीओ दारात येत नाही. आमच्या ओळखीच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने तेच केलं.

मीरा_टिळकवाडी
२०२२-२३ च्या नियमांत सॉफ्टवेअरवाल्याला १७ होते. इंजिनिअरिंग डिझाइन त्या नियमांत केपीओमध्ये, म्हणजे ज्ञानाधारित कामांच्या गटात, मोडायचं. तिथे पगाराचा खर्च एकूण खर्चाच्या ६० टक्के किंवा जास्त असेल तर २४ टक्के मागायचे. ड्राफ्ट्समनची कंपनी म्हणजे पगार ६० च्या वर असणारच. १० वर चालणारा माणूस २४ का दाखवेल? आणि तो पर्याय रिटर्न भरायच्या वेळी घ्यायचा असतो, नोटीस आल्यावर नाही.

चंदगडी_पोरगा
मूलभूत शंका आहे, हसू नका. उद्यमबागात आणि मच्छेत पाच-सहा तरी पोरं आहेत जी फाउंड्र्यांना पॅटर्नची आणि मशिनिंगची ड्रॉइंग करून देतात, तासावर किंवा शीटवर. त्यांचा दर विचारा आणि तुलना करा. गाव तेच, पगार तेच, सॉफ्टवेअर तेच. मुंबई-बेंगळूरच्या कंपन्या कशाला धरायच्या? तिथला इंजिनिअर आणि इथला इंजिनिअर एका पगारावर आहे काय?

मीरा_टिळकवाडी
शंका हसण्यासारखी मुळीच नाही, तत्त्वाने तुम्ही बरोबर आहात. अडचण व्यवहारात आहे. ती पोरं बहुतेक मालकी हक्काच्या धंद्यातली, त्यांचा ताळेबंद कुठे जाहीर नाही. आपण आकडा आणला तरी समोरचा तो पडताळू शकत नाही, आणि मालकाचा स्वतःचा पगार खर्चात नसतो म्हणून नफा फुगलेला दिसतो. त्यामुळे गाडी डेटाबेसमधल्या लिमिटेड कंपन्यांवरच येते.

उद्यमबागकर, तुम्ही बाहेरच्या एखाद्या ग्राहकाला काम दिलं असतं, तर तुमचाच तुमच्याशी मुकाबला झाला असता आणि तो सगळ्यात भक्कम. पण दुसरा ग्राहक नाही म्हणालात.

उद्यमबागकर
नाही. शिनोळीच्या एका कारखान्याला एकदा फुकट दोन ड्रॉइंग काढून दिली होती, तेवढंच.

मीराताई, सरासरीचं डोक्यात शिरलं. मग आता दोघींना परत आणायचं काय? सात झाल्या की रेंज, रेंज झाली की सुटलो.

मीरा_टिळकवाडी
४.८ वाली विसरा. साइटवर उभं राहून देखरेख करणं आणि खुर्चीत बसून ड्रॉइंग काढणं ही कामं वेगळी आहेत, आणि तिच्या ताळेबंदात दोन्हींचा हिशेब वेगळा दिलेला नसेल तर तुमच्याकडे उत्तर नाही. जो मुद्दा टिकणार नाही तो धरून बसलात की टिकणारा मुद्दाही हलका होतो.

८.१ वालीसाठी भांडता येईल. पण त्याआधी हे बघा. फक्त तिला परत आणलं तर सहा होतात, रेंज परत येते आणि तुम्ही बाहेर पडता. सहाचे ३५ टक्के २.१, म्हणून तिसरी, १३.२. चढत्या क्रमात ८.१, ९.६, १३.२, १५.०, १९.४, ३१.७ असं मांडून बघा. १०.४ खाली राहतो. मध्यक १४.१, म्हणजे २२ लाख २० हजारांची वाढ. निम्मं झालं, पण शून्य नाही.

म्हणून खरी लढाई ३१.७ वर. ती गेली आणि ८.१ आली तर पाचच राहतात: ८.१, ९.६, १३.२, १५.०, १९.४. सरासरी १३.०६. त्या हिशेबाने भाव ६ कोटी ७८.३६ लाख, तुमचा ६ कोटी ६२.४ लाख, फरक १५.९६ लाख. उंबरठा १९.८७. आत आहात. वाढ शून्य.

चंदगडी_पोरगा
थांबा थांबा. म्हणजे इथे सहापेक्षा पाच बऱ्या?

मीरा_टिळकवाडी
या आकड्यांना, हो. दुसऱ्या कुणाच्या आकड्यांत उलटं होईल. म्हणून प्रत्येक शक्यता कागदावर मांडल्याशिवाय कुठल्या कंपनीसाठी भांडायचं ते ठरवू नये. लोक नोटीस वाचतात, प्रत्येक मुद्द्याला विरोध लिहितात, आणि जिंकले तर काय होईल हे मोजतच नाहीत.

उद्यमबागकर
३१.७ ला कसं काढायचं? नफा फार जास्त आहे असं लिहिलं तर?

मीरा_टिळकवाडी
तेवढंच लिहिलंत तर पडाल. फक्त नफा जास्त म्हणून कंपनी काढता येत नाही, दिल्ली हायकोर्टाने २०१५ साली क्रिसकॅपिटलच्या निकालात हेच म्हटलं आहे. जास्त नफा हा इशारा धरायचा आणि त्यामागचं कारण शोधायचं. तिचा वार्षिक अहवाल काढा. उत्पन्नाची टीप बघा: सेवा, लायसन्स, विक्री वेगवेगळी दिली आहे का? मालमत्तेत स्वतःचं सॉफ्टवेअर किंवा निर्माणाधीन अमूर्त मालमत्ता आहे का? संचालकांच्या अहवालात त्या वर्षी विलीनीकरण लिहिलंय का? विभागवार नफा दिलाय का? आणि ८.१ वालीच्या निर्यातीचा आकडा डेटाबेसमधून नको, मूळ ताळेबंदातून घ्या.

उद्यमबागकर
(दुसऱ्या दिवशी)
काल रात्री कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर दोन्ही कंपन्यांचे शंभर-शंभर रुपये भरून कागद उघडले. पोर्टल दोनदा अडकलं. मंडळी, डोळे उघडले.

८.१ वाली: टीपीओने निर्यात ७१ टक्के धरली. डेटाबेसमध्येही ७१ च आहे. पण ताळेबंद भरायच्या एओसी-४ फॉर्मच्या जोडपत्रात परकीय चलनातल्या मिळकतीची टीप आहे, तिथे दोन ओळी आहेत. एक डिझाइन सेवा, दुसरी परदेशी ग्राहकाच्या कार्यालयात बसवलेल्या माणसांची फी. डेटाबेसने पहिलीच उचलली. दोन्ही मिळून ८२ टक्के.

३१.७ वाली: उत्पन्न एकाच ओळीत, सगळं मिळून. पण संचालकांच्या अहवालात लिहिलंय की पाइप जोडणीचं स्वतःचं सॉफ्टवेअर विकतात आणि त्याचं वार्षिक लायसन्स देतात. मालमत्तेतही निर्माणाधीन अमूर्त मालमत्ता बसलेली. विभागवार हिशेब नाही. म्हणजे आम्ही कीबोर्ड बडवतो आणि ते घरबसल्या लायसन्स विकतात, आणि आमची तुलना!

मीरा_टिळकवाडी
हा खरा अभ्यास. दोन्ही पानं नोटिशीच्या उत्तराला जोडा, टिपेचा क्रमांक आणि पान क्रमांक टाकून. त्या परदेशी फीचा अर्थ नीट बघा मात्र. तिथे बसवलेली माणसं डिझाइनच करत होती, की नुसता मनुष्यबळ पुरवठा होता? मनुष्यबळ पुरवठा असेल तर निर्यातीची गाळणी पार होईल आणि कामाच्या गाळणीत अडकाल. मी टीपीओ असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

आणि तुम्हाला टोचेल असा प्रश्न: ३१.७ वाली तुमच्याच सीएंच्या अभ्यासात होती ना? मग आता तुम्हीच काढा म्हणता?

उद्यमबागकर
होती की. तेव्हा रेंज होती, ती सातव्या नंबरवर होती, कुणी बघितलंच नाही.

मीरा_टिळकवाडी
तसंच लिहा, लपवू नका. चूक करदात्याने आधी केली म्हणून ती कायम ठेवलीच पाहिजे असं नाही, अपीलात असे बदल मान्य झाले आहेत. पण टीपीओ पहिल्या फटक्यात मानेलच असं सांगत नाही.

काकती_कास्टिंग
आणि नाही मानलं तर?

मीरा_टिळकवाडी
तर मसुदा आदेश येईल, आणि तो आल्यापासून ३० दिवसांत डीआरपीकडे, म्हणजे खात्याच्या वाद निवारण पॅनेलकडे, हरकत. ती तारीख चुकली की अंतिम आदेश पक्का, मग लांबचा रस्ता. डीआरपीवर समाधान नाही झालं तर ट्रिब्युनल. त्यापुढे हायकोर्ट. आपल्याकडे कर्नाटक हायकोर्टाने २०१८ मध्ये सॉफ्टब्रँड्सच्या निकालात म्हटलं होतं की कुठली कंपनी घ्यावी न घ्यावी हा कायद्याचा प्रश्न नाही, म्हणून हायकोर्ट त्यात पडणार नाही. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सॅप लॅब्सच्या निकालात ती भूमिका मोडली. म्हणजे दार उघडं आहे, पण तुमच्या रकमेसाठी तिथवर जाण्यात मला अर्थ दिसत नाही. ४४ लाखांवर कंपनी २२ टक्क्यांच्या दरात असेल तर अधिभार-उपकर धरून कर ११ लाखांच्या आसपास, व्याज वेगळं.

गणेशपूर_अप्पा
मीराताई, एक विचारू का? हा खर्च ६ कोटी तुम्ही सगळे जसाच्या तसा धरून चाललाय. त्यात काय काय आहे ते कुणी विचारलंच नाही. आमच्या काळी पहिलं काम तेच असायचं.

मीरा_टिळकवाडी
अप्पा, शंभर टक्के बरोबर, आणि हा प्रश्न मी विसरले हे कबूल.

उद्यमबागकर
आहे त्यात एक भानगड. २०२२ मध्ये आम्ही जुनं ऑफिस सोडून तिसऱ्या रेल्वे गेटजवळ गेलो. करार संपायच्या आधी सोडलं म्हणून घरमालकाने ११ लाखांची अनामत ठेवून घेतली. ती 'इतर खर्च' मध्ये घातली आहे. एकदाचाच खर्च.

चंदगडी_पोरगा
मग तो काढा! खर्च ५ कोटी ८९ लाख, नफा ७३ लाख ४० हजार. १२.४६ टक्के. नुसता ३१.७ वाला मुद्दा जिंकला, चारांची सरासरी १४.३ राहिली, तरी आत. बरोबर काय?

मीरा_टिळकवाडी
आकडेमोड बरोबर. पण घाई नको. हा ११ लाख जर्मनीला बिलात लावला होता की नाही? खर्च अधिक १० मध्ये तोही मोजून बिल केला असेल, तर तो खर्चातून काढताना त्याच्या बदल्यात आलेले १२ लाख १० हजारही उत्पन्नातून काढावे लागतील. मग ६ कोटी ५०.३ लाख उणे ५ कोटी ८९ लाख, तो पुन्हा १०.४ च्या आसपास, काही हाती लागत नाही. बिलात लावला नसेल तरच तुमचा मुद्दा चालतो. आणि लावला नसेल तर जर्मनी विचारेल, करार खर्च अधिक १० चा असताना तुम्ही हा का सोडला? त्याचं उत्तरही तयार ठेवा.

उद्यमबागकर
बिलं बघतो. वर्षाच्या शेवटी हिशेब जुळवायचं एक ट्रू-अप बिल केलं होतं, त्यात 'मिसलेनिअस' अशी एक ओळ आहे. ती काय आहे हे मलाही आठवत नाही. जर्मनीतल्या कंट्रोलरला मेल टाकला आहे.

निपाणीकर_नाना
ट्रकचा धागा काढला आहे, लिंक हवी असल्यास सांगा.

उद्यमबागकर
(चार दिवसांनी)
उत्तर काल अपलोड केलं. ४.८ वालीसाठी एकच वाक्य, हरकत नोंदवून सोडली. ८.१ च्या टिपेचं पान आणि ३१.७ च्या संचालक अहवालाचं पान जोडलं. परदेशी फीबद्दल कंपनीच्या वेबसाइटवर 'ऑनसाइट डिझाइन सपोर्ट' असं लिहिलेलं सापडलं, त्याची छापील प्रत लावली. पुरेशी आहे का माहीत नाही. अनामतीचा मुद्दा घातला नाही, कारण कंट्रोलरचं उत्तर आलं की 'मिसलेनिअस' म्हणजे काय ते त्यालाही माहीत नाही. तो शोधतोय.

मीरा_टिळकवाडी
न घालणं बरं केलंत. मसुदा आदेश आला तर तारीख इथे टाका, ३० दिवस मी मोजते.